रझिया, रजा आणि राजीनामा

नोकरी करणारा मराठी माणूस तीन शब्दांच्या मध्ये फिरत असतो. साहेबांची मर्जी सांभाळायची, रजा मागायची, आणि दोन्ही जमेनासं झालं की राजीनामा टेबलावर ठेवायचा. त्याच कचेरीत रझिया नावाची कुणी सहकारी असली, तर तिचं नाव आणि हे तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत. घर अरबी आहे. तिथून ते इराणमार्गे निघाले, वाटेत फारसीचे कपडे चढवले आणि दख्खनला येऊन मराठी बोलायला लागले. शब्दांना आपण मराठी म्हणून स्वीकारलं, त्यांच्या मूळ गावाची चौकशीही केली नाही. नावांचं मात्र असं झालं नाही. मुसलमान माणसाचं नाव म्हटलं की ते उर्दू, आणि मराठी तोंडात ते वेगळं ऐकू आलं की 'अपभ्रंश', अशी सोपी वाटणी आपण करून टाकली.

हा 'अपभ्रंश' शब्द मला खटकतो. काही तरी पडलं, मोडलं, खाली आलं असा त्याचा सूर आहे. प्रत्यक्षात ही नावं मराठीत येताना जी बदलली ती नियमाने बदलली, आणि ते नियम आपल्या रोजच्या बोलण्यातलेच आहेत.

आधी अरबी घराची रचना थोडक्यात पाहू. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या पायावर उभे असतात. पाया तोच ठेवून स्वर बदलले, मागेपुढे एखादं अक्षर जोडलं की नवा शब्द तयार होतो. ह-म-द या पायाचा अर्थ स्तुती. त्यावर हमीद म्हणजे स्तुत्य, हामिद म्हणजे स्तुती करणारा, महमूद म्हणजे ज्याची स्तुती झाली तो, आणि अहमद, महंमद हीही त्याच पायावरची नावं. रझियाच्या पायाचा अर्थ संतोष, संमती. रझा, रिझवान, मुर्तझा ही मुलांची नावं त्यातलीच. संमती दिली तो राजी झाला. परवानगी मिळाली ती रजा. आणि पद सोडायला आपण राजी असल्याचा कागद तो राजीनामा.

या पायातलं मधलं व्यंजन अवघड आहे. अरबीत ते जड, दाबून उच्चारलेल्या 'द'सारखं असतं. ते इतकं खास मानलं जातं की अरब आपल्या भाषेला त्या अक्षराची भाषा म्हणतात. इराण्यांना ते जमलं नाही. त्यांनी त्याचा सरळ 'झ' केला, इंग्रजी 'झू'मधला. एवढंच नाही, अरबीत वेगवेगळ्या असलेल्या चार ध्वनींना त्यांनी एकाच 'झ'मध्ये बसवलं. उर्दूने लिहिताना चारही अक्षरं जपली, पण उच्चार फारसीचाच घेतला. म्हणजे नाव मराठीच्या दारात आलं तेव्हाच ते मूळ अरबी उच्चारापासून बरंच दूर आलेलं होतं. 'शुद्ध' उच्चाराचा आग्रह धरणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. रझियाला 'रझिया' म्हणणारा दिल्लीचा माणूसही अरबाच्या कानाला चुकीचंच बोलतो.

आता हा 'झ' मराठीने कसा घेतला ते पाहू. इथे मराठीची एक खोड कामाला येते, जी हिंदीत नाही. आपल्याकडे 'ज' हे अक्षर एक असलं तरी त्याचे उच्चार दोन आहेत. जावई, जाड, जुना, जोर यांतला 'ज' दातांपाशी येतो. जीव, जिरे, जेवण यांतला 'ज' टाळूपाशी जातो. कुठे कोणता हे आपल्याला कुणी शिकवत नाही, पण साधारण नियम असा की मूळ मराठी शब्दांत इ, ई, ए हे स्वर पुढे आले की 'ज' टाळूकडे सरकतो. 'झ'चंही तेच. माझा आणि माझी हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एक, पण जीभ दोन ठिकाणी लागते.

फारसीचा 'झ' ऐकला तेव्हा मराठी कानाला त्याच्या सगळ्यात जवळचा वाटला तो हा दातांपाशी असलेला 'ज'. म्हणून बाजार आला, जोर आला, जखम आली, सगळे मूळच्या 'झ'चे. पण हाच 'झ' इ किंवा ई च्या आधी आला की मराठी जीभ सवयीने टाळूकडे गेली. त्यामुळे 'रजा'मधला 'ज' एक आणि 'राजी'मधला दुसरा. हजर एका जागी आणि हजेरी दुसऱ्या, तेही एकाच अरबी पायावरचे शब्द असून. जे शब्दांचं झालं तेच नावांचं झालं. सोलापूरच्या किंवा बीडच्या खेड्यात रमजान म्हणताना मूळ 'झ' बऱ्यापैकी शाबूत राहतो, कारण पुढे 'आ' आहे. तेच घर मुलीला हाक मारतं तेव्हा 'रजिया' म्हणतं, राजीनाम्यातला 'ज' वापरून. अफझलखानाच्या नावातला ध्वनी टिकला आणि औरंगजेबाचा बदलला, याचं कारणही तेच. एकात पुढे 'अ', दुसऱ्यात 'ए'. अजीज या नावात तर अरबीत दोन्ही ठिकाणी तोच 'झ' आहे. मराठी गावात पहिला टाळूला लागतो, शेवटचा दातांशी राहतो. चार अक्षरांच्या आत नियमाचे दोन्ही हात दिसतात.

शिकलेल्या तोंडाला, शहरात, उर्दू माध्यमाच्या शाळेत हा नियम सुटतो आणि 'रझिया' नीट ऐकू येतं. तेही बरोबरच. पण गावातली रजिया अशिक्षितपणाची खूण नाही. जो माणूस 'राजी'ला राजी म्हणतो आणि 'रजिया'ला हसतो, तो स्वतःच्याच भाषेला हसतो.

लिहिण्याचा प्रश्न यातून निघतो. हिंदीने 'ज'खाली टिंब देऊन सुटका करून घेतली. मराठी छपाईने नुक्ता सहसा स्वीकारला नाही. आपल्याकडे 'झ'चा उच्चार मुळातच त्या ध्वनीच्या जवळ जातो, म्हणून आपण झेब्रा, झिंक, साईझ लिहितो आणि त्याच रांगेत झाकीर, झुबेर, अझहर, नझीर यांना उभं करतो. श्रीरामपूरहून आलेला वेगवान गोलंदाज मराठी वर्तमानपत्रांत झहीर खान असतो. हिंदी वाचकाला ते विचित्र वाटतं, कारण त्याच्या लेखी 'झ' म्हणजे झाडू-झोपडीतला जाड, महाप्राण ध्वनी. मराठी वाचक अडत नाही. त्याला झिजण्यातला 'झ' आणि झिंकमधला 'झ' संदर्भाने कळतात.

घोटाळा होतो तो कागदावर, आणि तो फार ओळखीचा घोटाळा आहे. समजा, एखाद्या खेड्यात मुलगी जन्मली. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहिणाऱ्याने ऐकलं तसं 'रजिया' लिहिलं. शाळेत गुरुजींनी दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० या काळात बसलेल्या सुलतानेचं नाव पुस्तकात पाहिलेलं, म्हणून त्यांनी दाखल्यावर 'रझिया' केलं. रेशन कार्डावर 'रजीया'. आधारच्या वेळी संगणकावर बसलेल्या मुलाने ग्रामपंचायतीचा कागद समोर ठेवून Rajiya टाइप केलं, दहावीच्या गुणपत्रिकेवर शाळेने Razia पाठवलं. एखाद्या यंत्राने देवनागरीचं रोमन स्वतःच करून टाकलं, तर ते हिंदीच्या हिशेबाने Rajhiya करतं. पुढे कधी तेच रोमन परत देवनागरीत आणायची वेळ आली की Razia मधला पहिला a लांब की आखूड हे कळत नाही आणि बाई 'राझिया' होतात. मग प्रतिज्ञापत्र, मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या दुसऱ्या भागात नावातल्या बदलाची जाहिरात. जितके कागद तितकी रूपं, आणि त्यातलं एकही खोटं नाही. प्रत्येकाने आपापल्या नियमाने बरोबरच लिहिलं होतं.

अशा वेळी एक कसोटी उपयोगाची आहे. ज आणि झ, ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी, एवढाच फरक असेल तर बहुधा नाव एकच. पण पहिल्या अक्षराचा काना बदलला तर थांबावं. हमीद आणि हामिद, रशीद आणि राशिद, नसीर आणि नासिर, सलीम आणि सालिम ही जोडनावं अरबीत दोन वेगळ्या साच्यांतून निघालेली आहेत. रोमन लिपीत ती पार एक होतात: Hamid म्हणजे दोघांपैकी कोण, हे सांगता येत नाही. देवनागरीचा काना तिथे पहारा देतो. एका घरात मोठा रशीद आणि धाकटा राशिद असू शकतो, आणि त्यांच्या सातबारावर एक काना चुकला तर जमीन एका भावाची दुसऱ्याच्या नावावर दिसू लागते. उलट बाजूने आपली लिपीही काही हरवते. नझीर या नावाच्या मागे दोन अरबी शब्द आहेत. एकाचा अर्थ सावध करणारा, दुसऱ्याचा अर्थ तोडीचा, बरोबरीचा. उर्दूत ते वेगळ्या अक्षरांनी लिहितात, मराठीत एकच नझीर उरतो.

'झ'नंतर सर्वांत जास्त खेळ केला आहे तो 'ह'ने. अरबीत दोन प्रकारचे 'ह' आहेत, दोन्ही ठळक. मराठीत 'ह' एकटा फारसा राहत नाही, त्याला शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायला आवडतं. म्हणून तर आपल्याकडे म्हैस, न्हाणी, व्हावे, कोल्हा असे शब्द सहज बोलले जातात. महंमदचा खेड्यात 'म्हमद' होतो, आणि तो लहान असेल, खोडकर असेल, तर 'म्हमद्या'. महेबूबचा 'म्हैबूब' होतो. जुन्या कागदांत याचा सुंदर नमुना आहे. पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी मराठी लेखणीत 'इभ्रामखान' झाला. इब्राहिममधला 'ह' जागचा उठला, 'ब'जवळ गेला, आणि दोघांचा 'भ' झाला. कोणी ठरवून केलेलं नाही. बखर लिहिणाऱ्याच्या कानाला ते तसंच ऐकू आलं.

कधी 'ह' सरळ गळूनही जातो. निजामशाहीची राजधानी अहमदनगर कागदावर होतं, आसपासच्या खेड्यांच्या तोंडी ते 'अमदानगर' होतं. आता २०२४ पासून शहराचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, म्हणजे हा प्रश्न शहरापुरता मिटला. अहमद नावाच्या माणसांपुरता तो आहेच.

महेबूब या नावावर जरा थांबायला हवं, कारण दख्खनच्या मुसलमानी नावांची एक मोठी शाखा त्याच्याशी बांधलेली आहे. शब्दाचा पाया ह-ब-ब, अर्थ प्रेम. हबीब म्हणजे प्रिय मित्र, महेबूब म्हणजे ज्याच्यावर प्रेम केलं तो. मूळ अरबी रूप 'महबूब'. उर्दू बोलताना 'ह'च्या आधीचा 'अ' थोडा 'ए'कडे झुकतो, म्हणून कानावर 'मेहबूब' पडतं. मराठी लिहिणाऱ्याने तो 'ए' ऐकला, पण ठेवायचा कुठे याचा एकदा निर्णय झाला नाही. कुणी 'म'वर मात्रा दिली, कुणी 'ह'वर. मेहबूब आणि महेबूब दोन्ही त्यामुळे चालतात.

पण सोलापूर, सांगली, लातूर या पट्ट्यात हे नाव इतकं का सापडतं? फक्त 'प्रिय' हा अर्थ आवडला म्हणून नाही. बगदादचे सूफी संत अब्दुल कादिर जिलानी, निधन ११६६, यांच्या पदव्या इथे मुलांची नावं झाल्या. त्यांची एक पदवी महबूब-ए-सुबहानी, दुसरी गौस-ए-आझम, तिसरी दस्तगीर, म्हणजे हात धरणारा. एकाच माणसाच्या पदव्यांतून एका वाड्यात महेबूब, गौस आणि दस्तगीर असे तीन भाऊ होऊ शकतात. संतांचं स्वतःचं नाव कादिर इथे कादर झालं, आणि जुन्या निजामी मुलखात दख्खनी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'खादर'. दख्खनीत घशातल्या 'क'चा 'ख' होतो, त्याचीच ही खूण. कासीमचा खासीम त्याच वाटेने. बार्शीत १९१६ साली जन्मलेले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून मैदानं पेटवणारे शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव महेबूब पटेल होतं. आडनाव पाटीलकीचं, पहिलं नाव बगदादच्या पिराचं.

याच संताची आणखी एक पदवी, मुहिउद्दीन, धर्माला जिवंत करणारा. अजमेरच्या ख्वाजांचं नाव मुईनुद्दीन, धर्माचा साहाय्यक. दोन वेगळे संत, दोन वेगळे शब्द. मराठीत मोहिद्दीन, मोईद्दीन, मोईनोद्दीन, मैनुद्दीन अशी रूपं झाली आणि मधल्या एका-दोन रूपांत हे दोन संत एकमेकांत इतके मिसळले की मुलाला कुणाचं नाव ठेवलं हे आजीलाच विचारावं लागतं. यातलं 'ओद्दीन' हे टोक मराठवाडा-विदर्भाची ओळख आहे. निजामोद्दीन, जलालोद्दीन, नसिरोद्दीन अशी नावं दिसली की मी पुढे गाव वाचायच्या आधीच दिशा ठरवतो, आणि बहुतेक वेळा चुकत नाही. उर्दू लिहिताना ऱ्हस्व उकार सहसा दाखवत नाहीत. वाचणाऱ्याने तो मनाने भरायचा असतो, आणि इथे तो 'ओ' म्हणून भरला गेला. त्याच भागात नावाचा क्रमही वेगळा असतो. पश्चिम महाराष्ट्रात 'रशीद चाँद शेख' असेल तर मराठवाड्यात 'शेख रशीद शेख चाँद'. मतदारयादी अकारविल्हे लावणाऱ्याने हे लक्षात घेतलं नाही तर अर्धं गाव 'श'खाली जमा होतं.

महंमद हे रूप इतकं रोजचं आहे की त्यातली गंमत दिसत नाही. अरबीत या नावातला 'म' जोडाक्षरासारखा दुहेरी आहे. हिंदीने तो मुहम्मद, मोहम्मद असा लिहिला. मराठीने त्या दुहेरी 'म'साठी अनुस्वार वापरला. हिंदीत सम्मेलन, मराठीत संमेलन. हिंदीत मुहम्मद, मराठीत महंमद. म्हणजे भरणाऱ्या साहित्य संमेलनाला आपण जो नियम लावला तोच या नावाला लावला. सतराव्या शतकातले श्रीगोंद्याचे संतकवी, 'योगसंग्राम' लिहिणारे, आपल्याला शेख महंमद म्हणूनच माहीत आहेत. पुढे सवयीने अहमदलाही अनुस्वार लागून 'अहंमद' झाला, जिथे मुळात दुहेरी 'म' नव्हताच. शेजाऱ्याकडे पाहून घेतलेला दागिना, इतकंच.

स्त्रियांच्या नावांत मराठीला कष्टच पडले नाहीत. अरबीत पुल्लिंगी शब्दाला एक शेपूट जोडलं की तो स्त्रीलिंगी होतो, आणि ते शेपूट इथपर्यंत येता येता 'आ' झालं. रशीद-रशिदा, सलीम-सलिमा, हमीद-हमिदा. आकारान्त नाव बाईचं, हे सीता, गंगा, यमुना म्हणणाऱ्या मराठीला सांगावंच लागलं नाही. मात्र इथे वेलांटी आखडली. अरबीत आणि उर्दूत हमीदामधला 'मी' दीर्घच आहे. मराठीत गरीबचं गरिबी होतं, वकीलचं वकिली होतं, तसं हमीदचं हमिदा झालं. गरीब आणि वकील हेही अरबीच आहेत, म्हणजे नियम पाहुण्यांसाठी वेगळा केलेला नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंचं नाव लिहिताना आपण दीर्घ 'मी' लिहितो, कारण शेवटचा 'द' अकारान्त आहे.

कोकणात आणखी एक गोष्ट होते. फातिमाची फातमा होते, आमिनाची आमना. मधला आखूड स्वर गळतो. माणूस, पण माणसाला. लाकूड, पण लाकडाला: शेवटाला वजन आलं की मधला स्वर सोडून द्यायची मराठीची सवयच आहे. खदीजा हे नाव मात्र खतिजा कसं झालं याला मराठीचा नियम पुरत नाही. त्यातला 'द'चा 'त' कोकणापासून थेट तामिळ किनाऱ्यापर्यंत थोड्याफार फरकाने ऐकू येतो. ते समुद्राच्या वाटेने फिरलेलं रूप दिसतं. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आणि त्यांचा संबंध दिल्लीपेक्षा अरबी समुद्राशी जुना. त्यांच्या नावांवर उर्दूची इस्त्री उशिरा फिरली.

विभक्ती लावायची वेळ आली की जुनी-नवी मराठी वेगळी दिसते. बखरीत खानाने, इभ्रामखानाला असं येतं, आज आपण सलमानने, इमरानला म्हणतो, सामान्यरूप न करता. सीतेला म्हणणारी मराठी वर्गातल्या गीताला 'गीतेला' म्हणत नाही, तशीच रझियालाही 'रझियेला' म्हणत नाही. घरी मात्र वेगळंच चालतं. सलीमचा सल्या, रशीदचा रश्या, आणि म्हातारपणी त्याच रश्याचे रशीदचाचा.

स्त्रीलिंगी शेपटाबद्दल सांगताना एक गोष्ट राहिली. अरबीतून फारसीत येताना त्या शेपटाचे दोन रस्ते झाले. एका रस्त्याला 'आ' उरला, दुसऱ्याला 'त'. म्हणून रझिया, सलिमा एकीकडे, आणि दुसरीकडे शौकत, हशमत, रहमत, दौलत, हैबत. दुसऱ्या रस्त्याची नावं, मूळ शब्द स्त्रीलिंगी असूनही, इथे बऱ्याचदा पुरुषांना दिली गेली, आणि त्यांच्यापुढे 'राव' लागायला वेळ लागला नाही. महादजी शिंद्यांनंतर गादीवर आलेले दौलतराव. साहेबराव आणि फकीरराव तर कुठल्याही गावात सापडतात, त्यांतले साहेब आणि फकीरही अरबीच. उलट दिशेचा सगळ्यात ठळक दाखला भोसल्यांच्या घरातला आहे. परंपरेनुसार मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने मुलगे झाले, म्हणून थोरल्याचं नाव शहाजी आणि धाकट्याचं शरीफजी. शाह फारसी, शरीफ अरबी, आणि पुढचा 'जी' आपला. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले, थोरल्या भावाचं नाव पुढे शिवाजीराजांच्या नावामागे लागलं.

हैबत म्हणजे दरारा, धाक. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजची शिस्त देणारे आरफळचे हैबतबाबा यांचं नाव तेच. आळंदीच्या महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे, आणि कार्तिकी सोहळ्याची सुरुवात तिच्या पूजेने होते. तिथे माथा टेकणाऱ्या वारकऱ्याने 'हैबत'चा अर्थ कधी विचारला असेल असं वाटत नाही. विचारलं, तरी तो म्हणेल, बाबांचं नाव आहे.